तीस वर्षे, दर आठवड्याला एक तिकीट

महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ साली सुरू झाली. तिच्यापूर्वी केरळ राज्याने १९६७ साली शासकीय लॉटरीसाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला होता आणि २६ जानेवारी १९६८ रोजी आपली पहिली सोडत काढली होती. त्या तिकिटाची किंमत एक रुपया होती व पहिले बक्षीस पन्नास हजार रुपयांचे होते. आठवडी सोडतीचे एक तिकीट नेमाने विकत घेणारा आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात निकालाचा रकाना प्रथम उघडणारा असा एक वर्ग तेव्हापासून तयार झाला. हा गृहस्थ काही जुगारी नव्हे. पगाराच्या किंवा दुकानाच्या उत्पन्नातून तो आठवड्याला एकच तिकीट घेतो, त्याहून अधिक नाही. परंतु त्याच्या मनात एक प्रश्न कायम असतो. इतकी वर्षे खंड न पाडता तिकीट घेतले, तर निदान एकदा तरी बक्षीस लागेल की नाही?

या प्रश्नाला चावडीवर दोन उत्तरे मिळतात. "कधी ना कधी लागायचेच" हे एक, आणि "ते आपल्यासारख्यांना कुठले लागते" हे दुसरे. दोन्ही उत्तरे हिशेब न करता दिलेली असतात. वास्तविक हा हिशेब शाळेतील गुणाकार-भागाकाराच्या बळावर होऊ शकतो. त्यात अडचण आहे ती एकाच ठिकाणी, आणि तेथे भलेभले घसरतात.

हिशेबासाठी एक साधी योजना गृहीत धरू. प्रत्यक्षातील योजना सोडतीगणिक वेगळ्या असतात व त्या त्या वेळी जाहीर केल्या जातात. तेव्हा पुढील आकडे कोणत्याही एका लॉटरीचे नसून केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. समजा, एका सोडतीसाठी दहा लाख तिकिटे छापली आहेत आणि त्यांतील एका क्रमांकाला पहिले बक्षीस आहे. शिवाय तिकिटाच्या शेवटच्या चार अंकांवर शंभर रुपयांची लहान बक्षिसे आहेत. केवळ एका अंकावर बक्षीस ठेवण्यास केंद्र शासनाच्या १९९८ च्या लॉटरी विनियमन अधिनियमाने मनाई केली आहे. त्याच अधिनियमानुसार कोणत्याही एका लॉटरीची आठवड्यातून एकाहून अधिक सोडत काढता येत नाही. चार अंकी शेवट ०००० पासून ९९९९ पर्यंत एकूण दहा हजार प्रकारचे होऊ शकतात. सोडतीच्या वेळी त्यांपैकी दहा वेगवेगळे शेवट काढले, तर कोणत्याही एका तिकिटाला लहान बक्षीस लागण्याची शक्यता दहा हजारांत दहा, म्हणजे हजारात एक एवढी होते.

आता तिकीट घेणारा पाहू. समजा, एक लिपिक वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी नोकरीला लागला व अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाला. या तीस वर्षांत त्याने दर आठवड्याला एक तिकीट घेतले. वर्षाचे बावन्न आठवडे धरल्यास त्याची एकूण १,५६० तिकिटे झाली. (काटेकोर मोजणी केली तर तीस वर्षांत १,५६५ आठवडे भरतात, पण त्या पाच तिकिटांनी उत्तरात म्हणण्यासारखा फरक पडत नाही.)

त्रैराशिक येथे का चालत नाही

पहिल्या प्रथम सुचतो तो त्रैराशिकाचा मार्ग. एका तिकिटाला हजारात एक शक्यता, तर १,५६० तिकिटांना किती? उत्तर येते हजारात १,५६०, म्हणजे शेकडा १५६. येथेच थांबून विचार केला पाहिजे. जी गोष्ट निश्चितपणे घडणार आहे तिची शक्यता शेकडा शंभर असते. शंभराहून अधिक खात्री अशी काही वस्तूच जगात नाही. ज्या रीतीने शेकडा १५६ असे उत्तर येते ती रीत कोठेतरी चुकली आहे, हे तेथेच उघड होते.

ही चूक नवी नाही. फ्रान्समध्ये सतराव्या शतकात शेव्हालिए द मेरे या सरदाराला अशाच एका प्रश्नाने कोड्यात टाकले होते. एक फासा चार वेळा टाकला असता निदान एकदा सहा पडण्यावर पैज लावणे किफायतीचे ठरते, हे त्या वेळच्या खेळणाऱ्यांना माहीत होते. एका फाशाच्या सहा बाजू, दोन फाशांच्या मिळून छत्तीस जोड्या. तेव्हा सहाला चार, तर छत्तिसाला चोवीस, या त्रैराशिकाने दोन फासे चोवीस वेळा टाकले असता निदान एकदा दोन्हींवर सहा येण्याची पैजही किफायतीचीच ठरायला हवी होती. परंतु ती किंचित तोट्याची ठरते. १६५४ साली पास्काल आणि फर्मा या दोन गणितज्ञांमध्ये झालेल्या पत्रव्यवहारात हा प्रश्न येतो, आणि संभाव्यतेच्या गणिताचा आरंभ सामान्यतः त्याच पत्रव्यवहारापासून मानला जातो. पहिल्या पैजेची शक्यता शेकडा ५१.८ आहे, दुसरीची शेकडा ४९.१. चोवीसऐवजी पंचवीस वेळा फासे टाकले, तर मात्र पारडे पुन्हा खेळणाऱ्याच्या बाजूला झुकते.

हे कोडे सोडविण्याची युक्ती मोठी सोपी आहे. "निदान एकदा बक्षीस लागणे" या घटनेत एकदा लागणे, दोनदा लागणे, तीनदा लागणे असे अनेक प्रकार येतात. ते सर्व वेगवेगळे मोजत बसणे त्रासाचे आहे. पण त्याच्या उलट बाजूला एकच प्रकार असतो, तो म्हणजे एकदाही न लागणे. तेवढा मोजावा आणि पूर्ण संख्येतून वजा करावा. उरेल ते उत्तर.

हजार लिपिकांचा हिशेब

अपूर्णांकांच्या जंजाळात न शिरता हा हिशेब माणसांवर मांडता येतो. एका लिपिकाऐवजी त्याच्यासारख्याच एक हजार लिपिकांची कल्पना करावी. ते एकमेकांपासून स्वतंत्रपणे, दर आठवड्याला एकेक तिकीट घेतात. पहिल्या आठवड्यात सरासरीने त्यांपैकी एकाला बक्षीस लागेल आणि ९९९ जण रिकाम्या हाताने परततील. दुसऱ्या आठवड्यात या ९९९ जणांपैकी पुन्हा हजारी एक या प्रमाणात माणूस कमी होईल. याप्रमाणे दर आठवड्याला रिकाम्या हातांची संख्या ९९९ ने गुणून हजाराने भागीत जायची. असे बावन्न वेळा केले म्हणजे वर्षअखेर ९४९ जण उरतात. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस ९०१ उरतात. दोन्ही वर्षांत घट हजारी एकावन्नच्या आसपास आहे, पण ती उरलेल्यांवर लागू होते, मूळच्या हजारांवर नव्हे.

दहा वर्षांनी ज्यांना एकदाही बक्षीस लागलेले नाही असे ५९४ जण राहतात. पुढील दहा वर्षांसाठी पुन्हा तेच प्रमाण लावायचे. ५९४ जणांचे शेकडा ५९.४ म्हणजे ३५३. आणि तिसऱ्या दशकाच्या अखेरीस त्या ३५३ जणांचे शेकडा ५९.४ म्हणजे २१०.

हेच उत्तर आहे. हजार लिपिकांपैकी २१० जणांना तीस वर्षांत शंभर रुपयांचे लहान बक्षीसही एकदाही लागत नाही. उरलेल्या ७९० जणांना निदान एकदा लागते. म्हणजे आपल्या मूळ लिपिकाला निदान एकदा बक्षीस लागण्याची शक्यता शेकडा ७९ आहे. "लागायचेच" म्हणण्याइतकी ती मोठी नाही, आणि "कुठले लागते" म्हणण्याइतकी लहानही नाही.

मग त्रैराशिकाने आलेले ते १५६ कोठे गेले? ते खोटे नव्हते, दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर होते. हजार लिपिकांनी तीस वर्षांत मिळून १५ लाख ६० हजार तिकिटे घेतली. हजारी एक या दराने त्यांना एकूण १,५६० बक्षिसे लागली. हजार माणसे आणि १,५६० बक्षिसे. ती सारखी वाटली गेली असती तर प्रत्येकाच्या वाट्याला दीडाहून अधिक बक्षीस आले असते. परंतु सोडत कोणाला किती मिळाले याची नोंद ठेवून बक्षिसे वाटीत नाही. हिशेब करून पाहता, हजारांपैकी ३२८ जणांना बरोबर एकदा, २५६ जणांना बरोबर दोनदा आणि सुमारे २०६ जणांना तीन किंवा अधिक वेळा बक्षीस लागते, तर २१० जण कोरडे राहतात. ज्यांच्याकडे तीन-तीन बक्षिसे गेली त्यांच्यामुळे बक्षिसांची बेरीज मोठी होते, पण बक्षीस मिळालेल्या माणसांची संख्या त्या प्रमाणात वाढत नाही. बेरीज आणि "निदान एकदा" यांतील सगळे अंतर एवढेच आहे.

याच कारणाने आणखी एक समजूत फसवी ठरते. हजारात एक शक्यता आहे, तेव्हा हजार तिकिटे घेतली की एक बक्षीस पदरात पडलेच पाहिजे, असे पुष्कळांना वाटते. वरच्या रीतीने हजार आठवड्यांचा, म्हणजे एकोणीस वर्षांहून थोड्या अधिक काळाचा हिशेब केला, तर ३६८ जण अजून रिकामेच असतात. बक्षीस मिळालेल्यांचे प्रमाण शेकडा ६३ भरते. दहा हजारांत एक शक्यता आणि दहा हजार तिकिटे, किंवा लाखात एक आणि लाख तिकिटे, असे कोणतेही मोठे आकडे घेतले तरी हे शेकडा ६३ चे प्रमाण जवळजवळ तसेच राहते.

"आता आपली पाळी" ही समजूत

वीस वर्षे तिकीट घेऊनही काही न लागलेले जे ३५३ लिपिक आहेत, त्यांच्याकडे थोडे थांबून पाहणे योग्य ठरेल. कारण तिकीट सोडवत नाही ते बहुधा यांनाच. आजवर इतक्या वेळा गेले, तेव्हा आता आपली पाळी जवळ आली असली पाहिजे, असे त्यांचे मन सांगते. याउलट काहींना वाटते की आपले नशीबच फिरले आहे आणि यापुढे काही लागणे नाही. या दोन्ही समजुती वरच्याच आकड्यांवर तपासता येतात.

पहिल्या दहा वर्षांत हजारांपैकी ४०६ जणांना निदान एकदा बक्षीस लागले, म्हणजे शेकडा ४१ च्या आसपास. तिसऱ्या दशकात ३५३ पैकी १४३ जणांना पहिल्यांदा बक्षीस लागले. १४३ ला ३५३ ने भागले तर तेच शेकडा ४१ येते. वीस वर्षांच्या निराशेने या माणसांची शक्यता कणभर वाढली नाही आणि कमीही झाली नाही. तिसऱ्या दशकात नव्याने बक्षीस मिळालेली माणसे कमी दिसतात, ती केवळ वाट पाहणारेच कमी उरले होते म्हणून. अंकांची चक्रे दर आठवड्याला नव्याने फिरतात. गेल्या आठवड्याचा क्रमांक त्यांच्या स्मरणात नसतो, मग वीस वर्षांपूर्वी कोणी तिकीट घेतले होते हे कोठून असणार?

दर आठवड्याला तोच क्रमांक धरून ठेवणाऱ्यांचीही गोष्ट हीच. जन्मतारखेचा क्रमांक विक्रेत्याकडून खास राखून घेतला काय किंवा हाताला येईल ते तिकीट उचलले काय, प्रत्येक सोडतीत शक्यता हजारात एकच राहते. निष्ठेचे गुण सोडतीत मिळत नाहीत. फरक पडतो तो फक्त तिकिटांच्या संख्येने. आपल्या लिपिकाने वर्षातून चार आठवडे तिकीट चुकविले, म्हणजे तीस वर्षांत १,५६० ऐवजी १,४४० तिकिटे घेतली, तर हजारांपैकी रिकाम्या हाताने राहणाऱ्यांची संख्या २१० वरून २३७ वर जाते.

पहिले बक्षीस

आतापर्यंतचा सारा हिशेब शंभर रुपयांच्या बक्षिसाचा झाला. तिकीट घेताना डोळ्यांपुढे असते ते मात्र पहिले बक्षीस. दहा लाख तिकिटांत एक, ही त्याची शक्यता. रीत तीच; आठवड्याला दहा लाखांत एक माणूस कमी करीत १,५६० आठवडे चालायचे. उत्तर असे येते की हजार लिपिकांपैकी तीस वर्षांनंतरही ९९८ हून थोडे अधिक जण पहिल्या बक्षिसाविना राहतात. वेगळ्या शब्दांत सांगायचे तर सुमारे ६४० लिपिकांनी प्रत्येकी तीस वर्षे खंड न पाडता तिकीट घेतले, तर त्यांपैकी एखाद्याला पहिले बक्षीस लागेल, अशी सरासरी अपेक्षा धरता येते.

गंमत अशी की येथे त्रैराशिकही जवळजवळ बरोबर उत्तर देते. दहा लाखांत १,५६० म्हणजे शेकडा ०.१५६, वजाबाकीच्या रीतीनेही शेकडा ०.१५६ च येते, फरक त्याच्याही पुढच्या अंकांत दिसतो. एकाच माणसाला दोनदा पहिले बक्षीस लागण्याचा संभव इतका नगण्य आहे की बक्षिसांची संख्या आणि बक्षीस मिळालेल्यांची संख्या येथे व्यवहारात एकच होते. यावरून एक ठोकताळा निघतो. शक्यतेला तिकिटांच्या संख्येने गुणल्यावर उत्तर एकाच्या दहाव्या भागाहून लहान आले, तर साधा गुणाकार पुरतो. त्याहून मोठे आले, तर उलट बाजूने वजाबाकी केल्याशिवाय गत्यंतर नाही.

निदान निम्मी शक्यता हाती यावी म्हणून किती काळ तिकीट घ्यावे लागेल, हेही पाहता येते. हजारात एक शक्यतेच्या लहान बक्षिसासाठी ६९३ आठवडे, म्हणजे सव्वातेरा वर्षांच्या वर थोडा काळ लागतो. दहा लाखांत एक शक्यतेच्या पहिल्या बक्षिसासाठी ६ लाख ९३ हजार आठवडे लागतात. त्यांची वर्षे तेरा हजारांहून अधिक होतात. आजपासून मागे तेवढी वर्षे मोजत गेले, तर आपण माणूस जेमतेम शेतीच्या उंबरठ्यावर असलेल्या काळात जाऊन पोहोचतो.

पैशांचा हिशेब थोडक्यात मांडता येईल. तिकिटाची किंमत दहा रुपये धरली, तर तीस वर्षांत लिपिकाच्या खिशातून १५,६०० रुपये गेले. लहान बक्षिसांतून त्याला सरासरीने १५६ रुपये परत आले. सरासरीने, कारण प्रत्यक्षात कोणाला शून्य, कोणाला शंभर, कोणाला तीनशे मिळतात. १५६ रुपये असे कोणालाच मिळत नाहीत. ज्याला एकदा बक्षीस लागले तो ते सर्वांना सांगतो, आणि ते खरेही असते. हजारांत असे सांगणारे ७९० असल्याने बक्षिसाच्या बातम्या चोहोकडून कानावर येतात. त्या शंभर रुपयांच्या होत्या, हे मात्र सांगण्यात बहुधा राहून जाते. मधल्या रकमांची बक्षिसे या उदाहरणात धरलेली नाहीत. ती धरली तर परत येणारी रक्कम वाढेल. ज्याला आपल्या लॉटरीचा हिशेब करावयाचा असेल त्याने बक्षीस योजनेतील प्रत्येक बक्षिसांची संख्या पाहून, एकूण तिकिटांच्या संख्येने भागून, हीच रीत पुन्हा लावावी.

या हिशेबात एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली आहे. प्रत्येक तिकीट निकालाशी ताडून पाहिले जाते आणि लागलेले बक्षीस मागितले जाते, अशी ती गोष्ट होय. व्यवहारात तसे नेहमी घडत नाही. पहिले बक्षीस लागले नाही एवढे पाहून कित्येक जण तिकीट फेकून देतात आणि रकान्याच्या तळाशी बारीक टाईपात छापलेले चार अंकी शेवट वाचीतच नाहीत. काही तिकिटे सदऱ्याच्या खिशात राहून धुतली जातात. बक्षीस मागण्यास मुदत असते, आणि त्या मुदतीत न मागितलेली रक्कम राज्य शासनाची होते, अशी तरतूद १९९८ च्या अधिनियमात आहे. आपल्या हजार लिपिकांपैकी प्रत्येकाने पाचांतले एक तिकीट न तपासता टाकून दिले असे धरले, तर उपयोगी पडलेली तिकिटे प्रत्येकी १,२४८ च राहतात आणि निदान एकदा बक्षीस हाती आलेल्यांची संख्या ७९० वरून ७१३ वर येते. उरलेल्या ७७ जणांना बक्षीस लागलेले असते, पण ते त्यांना कधी कळत नाही.